गार पडलेला ट्रॅप: वाफेच्या नळीत साचणारे पाणी, लॅगिंग आणि भाजण्याचे अपघात

वाफेच्या नळ्यांजवळ काम करणारा माणूस गरम भागांपासून आपोआप दूर राहतो, कारण उघड्या फ्लँजचा एक चटका त्याला वर्षभर पुरतो. गार भागाची मात्र त्याला भीती वाटत नाही, आणि नेमकी तिथेच फसगत होते. लाईन चालू आहे, गेजवर दाब पूर्ण आहे, आणि तरीही नळीच्या खाली बसवलेला, आतले पाणी बाहेर सोडणारा स्टीम ट्रॅप गार किंवा जेमतेम कोमट आहे, ही माझ्या मते अशा जागेवरची सर्वांत गंभीर खूण आहे. चालू ट्रॅप गार असण्याचा अर्थ त्याच्यापर्यंत गरम पाणी पोहोचत नाही किंवा पोहोचलेले पुढे जात नाही. म्हणजे ते पाणी वर नळीतच साचते आहे.

हे पाणी येते कुठून? बॉयलरमधून निघालेली वाफ ७ बार दाबाला सुमारे १७० अंश सेल्सिअसला असते. नळीच्या भिंतीतून उष्णता बाहेर जात राहते, आणि जेवढी उष्णता जाते तेवढ्या प्रमाणात वाफेचे पाणी होते. या पाण्याला कंडेन्सेट म्हणतात. वाफ थंड होताना तिचे तापमान हळूहळू उतरत नाही. ती १७० अंशांवर राहूनच पाणी होते आणि त्या बदलात दर किलोमागे सुमारे २,०५० किलोज्यूल उष्णता सोडते. कारखान्यात वाफ वापरली जाते ती याच गुणासाठी, आणि वाफेने माणूस उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतो तोही याच गुणामुळे. शंभर अंशांची एक ग्रॅम वाफ त्वचेवर पाणी होताना सुमारे २,२५७ ज्यूल सोडते. तेच एक ग्रॅम पाणी शंभरावरून चाळीस अंशांपर्यंत उतरताना जेमतेम २५० ज्यूल सोडते, म्हणजे वाफेच्या एक नवमांश.

स्टीम ट्रॅपचे काम सांगायला सोपे आहे: पाणी बाहेर सोडायचे आणि वाफ आत अडवायची. मुख्य लाईनवर साधारण ३० ते ५० मीटरवर, शिवाय लाईन वर चढण्याआधी आणि तिच्या शेवटाला, खाली एक उभा नळकांडा जोडतात. त्याला ड्रेन पॉकेट म्हणतात. नळीच्या तळाने वाहत आलेले पाणी या पॉकेटमध्ये पडते आणि त्याच्या बाजूने काढलेल्या छोट्या नळीतून ट्रॅपकडे जाते. पॉकेट पुरेसा रुंद हवा; मोठ्या नळीला अर्ध्या इंचाचे भोक पाडून ट्रॅप जोडला, तर वेगाने जाणाऱ्या वाफेबरोबर पाणी त्या भोकावरून सरळ पुढे निघून जाते.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. १०० मिलिमीटरची, म्हणजे ज्याला चार इंची म्हणतात तशी, ३० मीटर लांबीची नळी घेऊ. आत ७ बारची वाफ आहे, बाहेरची हवा ३० अंशांची आहे, आणि नळीवर ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूलचे लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारे आवरण, चांगल्या स्थितीत आहे. अशा नळीतून दर मीटरला सुमारे ६० वॉट उष्णता निघून जाते. त्यावरून हिशेब केला, तर तीस मीटरमध्ये ताशी साधारण ३ किलो पाणी तयार होते. ट्रॅपच्या दृष्टीने हे काम अगदी किरकोळ आहे. हीच नळी उघडी असती, तर दर मीटरला ७०० वॉटच्या आसपास उष्णता गेली असती आणि ताशी ३७ किलोच्या घरात पाणी झाले असते. लॅगिंगकडे आपण इंधन वाचवणारी गोष्ट म्हणून पाहतो, पण नळीत किती पाणी होणार हेही तेच ठरवते.

पाणी सर्वांत जास्त होते ते सकाळी लाईन सुरू करताना. तीस मीटर नळीचे पोलाद सुमारे ४८० किलो भरते. ते ३० अंशांवरून १७० अंशांवर न्यायचे, तर केवळ पोलाद तापवण्यात सुमारे १६ किलो वाफेचे पाणी होते. म्हणजे एरवी पाच तासांत जेवढे पाणी होते, तेवढे सुरू करतानाच्या पहिल्या काही मिनिटांत होते. चार इंची आणि ४० सेंटिमीटर खोल ड्रेन पॉकेटमध्ये साडेतीन लिटरही मावत नाही. ट्रॅप बंद अवस्थेत अडकलेला असेल, तर नेहमीच्या चालीत पॉकेट साधारण तासाभरात भरतो. सुरू करताना तर तो लगेच भरतो आणि उरलेले बारा-तेरा किलो पाणी नळीच्या तळाशी पसरते. आधार सुटून नळी कुठे झोळीसारखी खाली वाकलेली असेल, तर ते तिथेच तळे करून बसते.

या साचलेल्या पाण्यामुळे जो दणका बसतो त्याला वॉटर हॅमर म्हणतात. तो दोन प्रकारे होतो आणि दोन्हींमधला फरक समजून घेणे आवश्यक आहे. पहिला प्रकार ओळखीचा आहे. मुख्य लाईनमधली वाफ सेकंदाला २५ ते ३० मीटर वेगाने, म्हणजे महामार्गावरच्या मोटारीइतक्या वेगाने जाते. तळाशी पाण्याची पातळी वाढली की वाफ त्यावर लाटा उठवते, एखादी लाट नळीच्या वरच्या भिंतीला टेकते, नळी पाण्याने पूर्ण अडते आणि तो पाण्याचा गोळा वाफेच्या जोराने पुढे फेकला जातो. वाटेत कोपरा किंवा बंद व्हॉल्व्ह आला की तो तिथे आदळतो. सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारे पाणी एकाएकी थांबले, तर क्षणभरासाठी १०० बारच्या घरातला दाब निर्माण होतो. बिडाच्या व्हॉल्व्हची कुडी वाकत नाही, फुटते.

दुसरा प्रकार कमी माहितीचा आणि जास्त घातक आहे, कारण त्याला वाफेचा वेग लागत नाही. नळीत साचलेले पाणी रात्रभरात गार झालेले असते. त्यावर गरम वाफ आली की दोघांच्या मध्ये वाफेचा एखादा कप्पा अडकतो. ७ बारच्या वाफेचे पाणी झाले की त्याची जागा दोनशे पटींहून अधिक आकसते. कप्पा क्षणात नाहीसा होतो, तिथे पोकळी होते, आणि दोन्ही बाजूंचे पाणी त्या पोकळीत धावून एकमेकांवर आदळते. व्हॉल्व्ह जेमतेम एक फेरा उघडलेला असतानाही हे घडू शकते. म्हणूनच "मी तर हळूच उघडला होता" हे अपघातानंतरचे वाक्य पुष्कळदा खरे असते; तरीही दणका बसतो, कारण चूक व्हॉल्व्ह उघडण्याच्या आधीच, पाणी न काढण्यात झालेली असते.

१८ जुलै २००७ रोजी न्यूयॉर्क शहरात, ग्रँड सेंट्रल स्थानकाजवळ, रस्त्याखालची वाफेची नळी फुटली ती याच दुसऱ्या प्रकाराने. १९२४ साली टाकलेली ती २४ इंची नळी होती. सकाळी मुसळधार पाऊस झाला होता, पावसाचे पाणी जमिनीखाली नळीभोवती साचले आणि त्याने नळी बाहेरून थंड होऊ लागली, त्यामुळे आत नेहमीपेक्षा कितीतरी अधिक पाणी तयार झाले. ते काढून टाकायला ट्रॅप होते, पण जवळच्या एका जोडाची गळती बंद करण्यासाठी आत भरलेल्या इपॉक्सीचे तुकडे वाहत येऊन त्या ट्रॅपमध्ये अडकले होते. एका स्त्रीचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला, आणि फुटलेल्या जागी आलेल्या ट्रकमधले दोघे गंभीर भाजले. बाहेरून थंड होणारी नळी आणि आतून बंद पडलेला ट्रॅप या दोन गोष्टी सुट्या असताना निभावून जातात. त्या एकत्र आल्या की काय होते ते या घटनेत दिसते. लहान कारखान्यात ओल्या लॅगिंगची नळी आणि कचऱ्याने तुंबलेला ट्रॅप ही याच जोडीची छोटी आवृत्ती आहे.

ट्रॅप दोन तऱ्हांनी बिघडतो: उघडा राहतो किंवा बंद राहतो. कोणता ट्रॅप कोणत्या बाजूला झुकतो, हे त्याच्या बांधणीवर अवलंबून असते. चकतीचा थर्मोडायनॅमिक ट्रॅप चकती आणि तिची बैठक झिजली की उघडा राहतो आणि सारखा टकटकतो. उलट्या बादलीच्या ट्रॅपमधले पाणी निघून गेले की बादली तरंगत नाही, तोही उघडा राहतो. फ्लोट ट्रॅपचा पोकळ गोळा वॉटर हॅमरने चेपला किंवा त्याला भोक पडले, की तो बुडतो आणि ट्रॅप बंद राहतो. याखेरीज कोणताही ट्रॅप त्याच्या आधीचा, कचरा गाळणारा स्ट्रेनर गाळाने भरल्यास बंद असल्यासारखाच वागतो, आणि नव्या लाईनमध्ये वेल्डिंगचा कचरा असतो म्हणून पहिल्या काही आठवड्यांत हे नेहमीच घडते.

उघडा राहिलेला ट्रॅप पैशाचे नुकसान करतो. तीन मिलिमीटरच्या भोकातून ७ बारची वाफ ताशी २० ते ३० किलो निघून जाऊ शकते, म्हणून त्याच्याविषयी कोणी ना कोणी तक्रार करतो. बंद राहिलेला ट्रॅप वाफ वाया घालवत नाही, आवाज करत नाही, ढग सोडत नाही. त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून ट्रॅप तपासताना गार ट्रॅपांची यादी आधी करावी आणि गळणाऱ्यांची नंतर, असे माझे स्पष्ट मत आहे, जरी खर्चाचा विचार करणाऱ्यांना हा क्रम उलटा वाटला तरी.

तपासणी हाताने करायची नाही. ट्रॅपच्या आधीच्या नळीवर तापमान मोजावे. चालू लाईनमध्ये ते वाफेच्या तापमानाच्या जवळपास असायला हवे. भिंतीमुळे आणि मापनातल्या चुकीमुळे थोडे कमी दिसेल. ते ६०-७० अंशांवर आले असेल, तर पाणी तुंबले आहे. पुढचा भाग गरम आहे म्हणून ट्रॅप उघडा राहिला, असा निष्कर्ष मात्र तापमानावरून काढता येत नाही, कारण निरोगी ट्रॅपमधून निघालेले गरम पाणीही पुढची नळी शंभरच्या आसपास ठेवते. तिथे अल्ट्रासोनिक यंत्राने किंवा निदान लांब दांड्याच्या स्टेथोस्कोपने ऐकावे लागते: निरोगी ट्रॅप थांबून थांबून सोडतो, उघडा राहिलेला अखंड सुसकारतो. फ्लोट ट्रॅप याला अपवाद आहे, कारण तो निरोगी असतानाही सलग सोडतो.

ट्रॅप मोकळ्यावर सोडत असेल, तर डोळ्यांनीही काही कळते, पण इथेच एक धोका लपलेला आहे. १७० अंशांचे कंडेन्सेट बाहेर आले की त्यातल्या सुमारे १३ टक्क्यांची लगेच वाफ होते. ती नळीच्या तोंडापासूनच पांढरी, मऊ, रेंगाळणारी दिसते आणि तिच्याबरोबर पाणी पडते; हे बिघाडाचे लक्षण नाही. थेट वाफ निसटत असेल, तर तोंडाजवळ काही सेंटिमीटर जागा पूर्ण रिकामी दिसते आणि पांढरा ढग त्यापुढे सुरू होतो. ती जागा रिकामी नसते, कारण खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. पांढरा ढग म्हणजे थंड होऊन झालेले बारीक थेंब. गळती शोधताना ढगाच्या अलीकडे हात नेणारा माणूस सर्वांत तप्त भागात हात घालत असतो.

आता उघड्या पृष्ठभागांकडे येऊ. मोरित्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून जे दिसले ते आजही मापदंड ठरवताना वापरले जाते: त्वचा ४४ अंशांवर सुमारे सहा तास राहिली तर ती भाजते, आणि ६० अंशांवर त्याला सुमारे पाच सेकंद पुरतात. म्हणूनच माणसाचा हात लागेल अशा जागी लॅगिंगच्या बाहेरचे तापमान ६० अंशांखाली ठेवण्याचा प्रघात आहे. दचकून हात मागे घ्यायला पाच सेकंद पुरेसे असतात. शिडीवर तोल सांभाळत असलेल्या किंवा अडचणीच्या जागी पाठ टेकलेल्या माणसाला ते पुरत नाहीत, हे आखणी करताना लक्षात ठेवावे. आपल्या उदाहरणातल्या नळीचे लॅगिंग धड असेल, तर बाहेरचा पत्रा ४५ अंशांच्या आसपास राहतो. उघडी नळी १७० अंशांच्या जवळ असते, आणि तिथे दचकण्याइतकाही वेळ मिळत नाही.

नळी सहसा झाकलेली असते. उघडे राहतात ते व्हॉल्व्ह, फ्लँज आणि स्ट्रेनर. दुरुस्तीसाठी लॅगिंग फोडले जाते आणि पुन्हा बसवणारी माणसे वेगळी असल्याने ते महिनोन्‌महिने तसेच राहते. अशा जागी बकल किंवा दोरीने बांधायची, काढता-घालता येणारी लॅगिंगची जॅकेटे वापरली, तर फिटर स्वतःच ती परत बांधू शकतो. ओले लॅगिंग ही दुसरी अडचण आहे. कोरड्या रॉकवूलमध्ये हवा असते म्हणून ते उष्णता अडवते. हवेच्या जागी पाणी शिरले की पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. पत्रा गरम होतो, आत कंडेन्सेट वाढते, आणि लॅगिंगखाली नळीही गंजू लागते. पत्र्याचा जोड वरच्या बाजूला ठेवलेला दिसला, तर तिथून पाणी आत जाणार हे गृहीत धरावे. जोड खालच्या अंगाला आणि पन्हाळीसारखा एकावर एक हवा.

मोजण्यात एक फसगत वारंवार होते, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. चकचकीत ॲल्युमिनियम पत्र्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला, तर तो पत्र्याचे स्वतःचे उत्सर्जन फार थोडे आणि समोरच्या भिंतीचे प्रतिबिंब जास्त वाचतो. पत्रा ७० अंशांवर असताना यंत्र ३५ दाखवू शकते, आणि तो आकडा नोंदवहीत "सुरक्षित" म्हणून चढतो. पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवावा किंवा काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्यावा, तो तापेपर्यंत थांबावे आणि त्यावर मोजावे.

सगळेच झाकता येत नाही, ही गोष्टही मान्य करायला हवी. थर्मोस्टॅटिक ट्रॅपला पाणी थोडे थंड झालेलेच कळते, म्हणून त्याच्या आधीची सुमारे एक मीटर नळी मुद्दाम उघडी ठेवतात. थर्मोडायनॅमिक ट्रॅपच्या टोपीतून उष्णता बाहेर गेल्याशिवाय त्याची चकती नीट उघडत नाही. चटका लागतो म्हणून कोणी सद्हेतूने हे भाग लॅगिंगने गुंडाळले, तर ट्रॅप पाणी अडवू लागतो आणि हाताचा चटका वाचवताना लाईनमध्ये वॉटर हॅमरची सोय होते. अशा जागी लॅगिंग नको, जाळी हवी: छिद्रांचा पत्रा किंवा जाळी, नळीपासून चार बोटे अंतर सोडून, नळीला थेट न टेकणाऱ्या आधारावर.

गार लाईन सुरू करताना आधी ड्रेन पॉकेटच्या तळाचे हाताने उघडायचे व्हॉल्व्ह उघडून सगळे पाणी काढावे, आणि ते उघडे ठेवूनच मुख्य व्हॉल्व्हऐवजी त्याला वळसा घालणाऱ्या छोट्या बायपासमधून वाफ सोडावी. ड्रेनचे तोंड माणसांपासून दूर, खाली वळवलेले असले पाहिजे. नळी तापेपर्यंत, मोठ्या लाईनमध्ये अर्धा-पाऊण तासही, थांबावे. ड्रेनमधून पाण्याऐवजी सलग वाफ येऊ लागली की ते बंद करावे आणि मगच मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. मध्येच ठोके ऐकू आले, तर तिथल्या तिथे ड्रेन उघडायला धावू नये. दाबाखाली गार पाणी साचलेल्या नळीत ते पाणी हलले की वाफ त्यात शिरते आणि दुसऱ्या प्रकारचा हॅमर होतो, तोही ड्रेनजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याशी. त्या वेळी लांबून वाफ बंद करावी, लाईनजवळची माणसे हटवावीत, दाब पूर्ण उतरू द्यावा आणि मग पाणी काढावे.

अडकलेला ट्रॅप उघडताना त्याच्या आधीचा व पुढचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावावे, कारण पुढच्या कंडेन्सेट लाईनमधून दुसऱ्या ट्रॅपची वाफ उलटी येऊ शकते. मधला दाब सोडायचा छोटा व्हॉल्व्ह उघडावा आणि त्यातून काहीच आले नाही, तर दाब नाही असे समजू नये. तुंबलेल्या गाळाने तोच बंद असू शकतो. भाग हाताला सोसेल इतका गार होईपर्यंत थांबणे हीच खात्रीची खूण, कारण शंभर अंशांपेक्षा जास्त गरम पाणी झाकण सैल होताच उसळून वाफ होते. बोल्ट सोडताना आपल्यापासून दूरचा बोल्ट आधी सैल करावा, म्हणजे काही उरले असेल ते पलीकडे फुटेल. हातमोजे कोरडे हवेत. ओल्या मोज्यातून उष्णता झटकन आत येते.

इतके करूनही कोणी भाजलाच, तर भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या, साध्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. वाफेने कपडे भिजतात आणि ती उष्णता अंगाला धरून ठेवतात, म्हणून ते, अंगठी आणि घड्याळ ताबडतोब काढावे. त्वचेला चिकटलेले कापड मात्र ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, तेल काहीही लावू नये. चेहऱ्यावर वाफ आली असेल किंवा माणूस वाफेने भरलेल्या बंद जागेत सापडला असेल, तर आवाज घोगरा होणे, गिळताना त्रास होणे आणि श्वासाला घरघर येणे ही घसा आतून सुजत असल्याची लक्षणे आहेत. ती काही तासांनीही दिसू लागतात, म्हणून त्वचेवर फारसे काही दिसत नसले तरी अशा माणसाला घरी न पाठवता रुग्णालयात न्यावे.